राउथ तक्ता: दोनदा शून्य ओळ आली तर निष्कर्ष काय काढायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. एक शून्य ओळ आली की काय करायचं, ते मला जमतं. `s^3+2s^2+4s+8` मध्ये `s^1` ची ओळ शून्य होते. वरच्या ओळीवरून सहायक समीकरण `2s^2+8=0` मिळतं, मुळं `±2j`, म्हणजे सीमांत स्थिर. त्याचं अवकलन `4s` घेऊन तक्ता पुढे न्यायचा. इथवर ठीक.

अडलोय ते या समीकरणावर: `s^5+s^4+2s^3+2s^2+s+1=0`.

```
s^5 | 1  2  1
s^4 | 1  2  1
s^3 | 0  0   -> 4  4
s^2 | 1  1
s^1 | 0      -> 2
s^0 | 1
```

पहिल्या वेळी सहायक बहुपदी `s^4+2s^2+1`, तिचं अवकलन `4s^3+4s`. दोन ओळींनंतर पुन्हा शून्य ओळ! आता सहायक `s^2+1`, अवकलन `2s`. पहिल्या स्तंभात चिन्ह एकदाही बदलत नाही, म्हणून मी वहीत "सीमांत स्थिर" लिहून मोकळा झालो. पण संगणकावर प्रतिसाद काढला तर दोलनं प्रत्येक फेरीत मोठी होत जातात. अवयव पाडले तेव्हा कारण दिसलं: `(s+1)(s^2+1)^2`. `±j` दोनदा आहे, त्यामुळे `t sin t` सारखं पद येतं.

म्हणजे चिन्हबदल फक्त उजव्या अर्ध्या प्रतलातली मुळं मोजतो, अक्षावरची पुनरावृत्ती त्यात दिसत नाही, असं मला वाटतं. प्रश्न असा: दुसऱ्यांदा शून्य ओळ येणं हीच सहायक बहुपदीत दुहेरी मूळ असल्याची खात्रीची खूण मानायची का? की दर वेळी सहायक समीकरण सोडवूनच पाहावं? परीक्षेत सहा-सात घात आला की अवयव पाडायला वेळ उरत नाही. सिद्धता थोडक्यात सांगितलीत तर फार बरं होईल.