रत्नागिरीच्या परिषदेत स्वयंसेवक: कुठलं काम मागू?

मेघना:
नमस्कार मंडळी, डिसेंबरात माहेरी, रत्नागिरीला जातेय. तेव्हा तिथे कातळशिल्पांवर दोन दिवसांची परिषद आहे आणि आयोजकांना स्वयंसेवक हवेत. मला अभ्यासकांशी आणि आयोजकांशी निवांत बोलायचंय. फॉर्मात नोंदणी टेबल, सभागृह, भोजन आणि वक्त्यांची ने-आण असे पर्याय आहेत. काय निवडू?

सतीश:
नोंदणी टेबल घे. येणारा प्रत्येक जण तिथूनच आत जातो, ओळखी आपोआप होतात. शिवाय फी माफ आणि सगळी भाषणं ऐकायला मिळतात.

अरविंदकाका:
मेघना, राहायची सोय हवी असेल तर माळनाक्याला आमचं घर रिकामंच आहे, किल्ली शेजाऱ्यांकडे मिळेल.

अनुराधाताई:
काका, ती माहेरी उतरणार आहे हो!

सतीश, टेबलाशी सगळे येतात हे खरं, पण थांबत कुणी नाही. सही, बिल्ला, पिशवी, पुढचा. फी बहुधा माफ होते, भाषणं मात्र ड्युटी नसेल तेवढीच. उद्घाटनाला उशिरा येणाऱ्यांची रांग सरेपर्यंत बीजभाषण संपलेलं असतं.

मेघना, तू सभागृह माग. सत्राआधी अर्धा तास वक्ते लॅपटॉपवर पीपीटी चढवायला येतात. प्रत्येक स्लाइड त्यांच्यासमोरच पुढे सरकव. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटातलं मराठी दुसऱ्या लॅपटॉपवर इंग्रजी अक्षरांचा काला होऊन दिसतं, म्हणून पीडीएफही मागून घे.

मागे एका वक्त्यांनी देवाचे गोठणे गावातला व्हिडिओ लावला होता, तिथल्या कातळशिल्पावर होकायंत्राची सुई भरकटते तो. पेनड्राइव्हवरच्या पीपीटीत नुसता दुवा, व्हिडिओ राहिला घरच्या कॉम्प्युटरवर. आमच्या स्वयंसेवक मुलीने स्लाइडी तपासताना ते पकडलं आणि त्यांच्या फोनमधून व्हिडिओ घेऊन बसवला. तेव्हा तिने काही विचारलं नाही, कारण मंचावर जायच्या आधी माणूस स्वतःच्याच विचारात असतो. सत्र संपल्यावर माइक काढून घेताना एवढंच विचारलं, "सुई नेमकी कुठे ठेवली की फिरते?" दुसऱ्या दिवशी क्षेत्रभेटीच्या बसमध्ये त्यांनी तिला शेजारी बसवून घेतलं आणि बारसूपर्यंत बोलत होते.

आयोजकांना भेटायचं तर आदल्या संध्याकाळी पिशव्या भरायला जा. सचिवांसकट सगळे सतरंजीवर बसलेले असतात. परिषदेच्या दिवशी त्यांना श्वास घ्यायलाही फुरसत नसते.

प्रशांत:
मी एकदा ने-आण केली होती. स्टेशन शहराबाहेर, गाडीत आम्ही दोघंच, त्यामुळे छान गप्पा झाल्या. मी तर तेच सुचवेन.

अनुराधाताई:
वक्ता रात्रभर प्रवास करून आला असेल तर गाडीत डोळा लागतो त्याचा. आणि कोकण रेल्वे लेट झाली की तुझं सकाळचं सत्र स्टेशनवरच. परतीची पाळी मिळाली तर जरूर घे, तेव्हा बोलायला विषय असतो.

मेघना:
ताई, फॉर्मात सभागृहच भरलंय, आदल्या संध्याकाळी येईन असंही लिहिलंय. प्रशांत, परतीच्या पाळीबद्दल आयोजकांना विचारलंय. पण त्यासाठी दुसऱ्या दिवशीची क्षेत्रभेट सोडावी लागणार असेल तर काय करावं, ते अजून ठरत नाहीये.