स्किटमध्ये सहकाऱ्याची नक्कल ठेवावी की काढावी?

नवा_लेखक: ऑफिसच्या अ‍ॅन्युअल डेसाठी दहा मिनिटांचं स्किट लिहितोय. अकाउंट्समधले एक जण प्रत्येक बिल परत पाठवतात. त्यांची नक्कल केली की तालमीत सगळे लोटपोट होतात. पण ते दुखावले जायला नकोत. नक्कल ठेवू की काढू?

टाळी_हवी: ठेवा. माणूस ओळखता येतो म्हणूनच हसू येतं. सगळं गुळमुळीत केलंत तर लोक मोबाइल काढून बसतील. त्यांना आधी विचारा, ‘हो’ म्हणाले की झालं.

विंगेतून: चार जणांत विचारलं तर कोणीही ‘चालेल हो’ म्हणतं, त्या होकाराला अर्थ नाही. एकट्याला गाठून पूर्ण संहिता वाचायला द्या, तीही बदल करता येतील इतकी आधी.

पण त्याआधी एक करा. ती भूमिका दुसऱ्या कुणाकडून साध्या आवाजात वाचून घ्या. हसू टिकलं तर विनोद प्रसंगात आहे. गेलं, तर तुम्ही त्यांच्या बोलण्याला हसत होतात.

नवा_लेखक: वाचून पाहिलं. ते बोलताना अडखळतात, सगळा हशा तिथेच होता. आता पान कोरडं वाटतंय.

विंगेतून: मग प्रसंग चढवा. पहिल्यांदा बिल परत येतं, सही नाही म्हणून. दुसऱ्यांदा तारीख नाही म्हणून. तिसऱ्यांदा पिन उजव्या कोपऱ्यात मारली म्हणून. शेवटी त्या गृहस्थांचं स्वतःचं बिल त्यांच्याच टेबलावर येतं. ते चष्मा लावून वाचतात, पिन बघतात आणि बिल स्वतःलाच परत करतात. इथे ते नियमाला पक्के दिसतात, कुणाची कीव येत नाही.

घड्याळवाला: दहा मिनिटं जास्त आहेत. आठचंच लिहा, हशा पिकला की थांबावं लागतं.

मागची_रांग: माझ्या उशिरा येण्यावर असंच स्किट झालं होतं. तेव्हा रोज सकाळी वडिलांना दवाखान्यात न्यावं लागायचं, ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. मी सगळ्यांबरोबर हसलो. पुढच्या वर्षी कार्यक्रमालाच गेलो नाही.

टाळी_हवी: वाईट वाटलं वाचून. पण असं बघत बसलो तर लिहायचं कशावर? प्रत्येकाच्या घरचं कसं कळणार?

विंगेतून: कळणार नाहीच. म्हणून उशीर हवा असेल तर बंद पडलेली लिफ्ट दाखवा, तीत सगळेच अडकलेले असतात. आणि नटांना बजावा, स्टेजवर नवं वाक्य घालायचं नाही. तालमीतून कापलेली नक्कल टाळ्या ऐकून तिथेच परत येते.

नवा_लेखक: बिलाचा शेवट घेतला. साहेबांची नक्कल मात्र ठेवतोय, त्यांनीच सांगितलंय.

टाळी_हवी: ठेवाच! वरच्या माणसाला हसण्यात कसली भीती?

मागची_रांग: साहेब हसतीलही. पण ती भूमिका करणाऱ्या पोराला विचारलंत का?