डब्यामागची छोटी ओळ

> "गेम विकत घेतला म्हणजे पैसे संपले ना? की आत पुन्हा मागतात?"

मी गेमच्या दुकानात काउंटरवर असताना एक आई डबा हातात घेऊन हेच विचारत होती. मी डबा उलटा करून वयाच्या खुणेजवळची बारीक ओळ दाखवली.

"ताई, नुसतं 'इन-गेम पर्चेसेस' असेल तर आत काहीतरी विकायला आहे. पुढे 'इन्क्लूड्स रँडम आयटम्स' असेल तर लूट बॉक्स. म्हणजे पैसे आधी, काय मिळालं ते नंतर."

"पण हवी ती वस्तू मिळण्याची शक्यता लिहिलेली असते म्हणे. एक टक्का. म्हणजे शंभर उघडले की मिळणारच?"

"नाही ना! प्रत्येक बॉक्स नव्याने. शंभर उघडूनही रिकाम्या हाताने राहण्याची शक्यता सुमारे 37 टक्के."

त्या डबा परत ठेवायला निघाल्या. मीच थांबवलं (मालक ऐकत नव्हते). "कार्ड खात्याला जोडू नका. मुलाचं वेगळं चाइल्ड अकाउंट काढा, खर्चाची मर्यादा शून्य ठेवा. तुमच्याच लॉगिनवर खेळला तर ही मर्यादा लागूच होत नाही."

"मग ओळ नसलेला गेम घेते."

"तोही तपासा. वयाची खूण देणाऱ्या ईएसआरबी आणि पेगी या संस्था ही रँडमवाली ओळ 2020 पासूनच छापतात, आणि काही गेममध्ये दुकान नंतरच्या अपडेटमधून येतं. डबा तर आधीच छापलेला असतो."