अनुभव धागा : हॉलचा फोटो काढून त्यात बाळासाठीचे धोके शोधलेत का? काय सापडलं, काय सुटलं?

साडेनऊमहिने

मुलगा साडेनऊ महिन्यांचा आहे, रांगतो, आणि गेल्या आठवड्यापासून सोफ्याला धरून उभं राहायला लागलाय. बहीण म्हणाली हॉलचा फोटो काढ आणि निवांत बसून त्यात धोके शोध, कारण रोजच्या खोलीत आपले डोळे मेलेले असतात, फोटोत तीच खोली परक्याची वाटते. म्हणून दारात उभी राहून फोटो काढला.

त्यात काय आहे ते सांगते. मधोमध काचेचा टीपॉय, चौकोनी. खिडकीखाली सोफा, खिडकीला रोलर ब्लाइंड आणि त्याची मण्यांची साखळी. समोर टीव्ही युनिट, त्यावर टीव्ही नुसता ठेवलेला, शेजारी एक्स्टेंशन बोर्ड. युनिटच्या खालच्या उघड्या कप्प्यात काच पुसायचा स्प्रे आणि फडकं.

मला सापडलेले तीन : टीपॉयचे कोपरे, बोर्डातून लोंबणारी चार्जरची वायर आणि तो स्प्रे. नवऱ्याला त्याच फोटोत टीव्ही दिसला, मला नव्हता दिसला. तुमच्या फोटोंत काय निघालं ते लिहा, आणि जे फोटोत दिसलंच नाही ते तर नक्की लिहा.

बिनधास्तबाबा

एवढं टेन्शन कशाला. आम्ही सगळ्या कोपऱ्यांना फोमचे गार्ड चिकटवले, फिनाईल, स्प्रे सगळं वरच्या फळीवर, वायरी सोफ्यामागे ढकलल्या, एका दुपारचं काम. साखळीचा प्रॉब्लेम असेल तर कात्रीने कापून टाका, विषय संपला.

पाळणाघरवाली

१४ वर्षं पाळणाघर चालवतेय. नवीन मूल यायच्या आधी खोलीचे फोटो काढून बघायची सवय आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे तू दारात उभी राहून फोटो काढलास, तो तुझ्या उंचीचा झाला. रांगणाऱ्यासाठी फोन जमिनीपासून फूटभर वर धरायचा, उभं राहणाऱ्यासाठी साधारण २ फूट. खाली बसलं की टीपॉयची खालची बाजू दिसते, सोफ्याखालचं दिसतं, युनिटमागचा वायरींचा गुंता दिसतो. फोनची वाइड लेन्स वापरू नकोस, तिच्यात खोली मोठी दिसते आणि सोफा खिडकीपासून लांब असल्यासारखा वाटतो. आणि फोटोआधी आवरायचं नाही! आवरलेल्या खोलीचा फोटो काढला तर तुझी आवराआवर कळेल, धोका कळणार नाही. संध्याकाळी सगळे घरी असताना काढ.

दुसरं, फोटो काढायच्या आधी भिंतीवर ३ फुटांवर रंगीत टेप लाव. वर्षाच्या मुलाची उंची साधारण अडीच फूट, हात वर करून चवड्यावर उभं राहिलं की ३ फुटांपर्यंत पोचतं. टेप फोटोत आली की अंदाज करत बसावं लागत नाही, तिच्याखालचं सगळं त्याचं.

आणि खरं सांगायचं तर सुट्ट्या वस्तू शोधू नकोस, जोड्या शोध. तुझ्याच वर्णनात एक आहे आणि ती तुझ्या तीनांत नाही. सोफा आणि साखळी. साखळीचं खालचं टोक जमिनीपासून किमान दीड मीटर, म्हणजे जवळजवळ ५ फूट वर हवं असं सांगतात, पण ते जमिनीवर उभ्या असलेल्या मुलासाठी. सोफ्याची बैठक दीड फूट धर, त्यावर मूल उभं राहिलं की हात साडेचार फुटांवर, सोफ्याच्या हातावर चढलं की ५ फूट सहज. साखळीचा फास मानेत अडकला आणि पाय सोफ्यावरून घसरला की ओरडायलाही येत नाही, आवाज होत नाही म्हणून शेजारच्या खोलीत असलेल्यालाही कळत नाही. माझ्या मते तुझ्या हॉलमधला हा सगळ्यात मोठा धोका, टीपॉयपेक्षा कितीतरी मोठा. टीपॉयच्या कोपऱ्याने टेंगूळ येईल, फार तर टाके पडतील.

@बिनधास्तबाबा, रोलर ब्लाइंडची साखळी अखंड असते, कापली की ब्लाइंड चालणार नाही आणि लांब शेपूट लोंबत राहील ते वेगळंच. तिला खाली ताणून धरणारी प्लास्टिकची क्लिप मिळते, ती भिंतीत स्क्रूने बसवायची. नुसती डबल टेपने चिकटवली तर मूल ओढून काढतं. बसवल्यावर साखळी बोटाने पुढे ओढून बघायची, फास डोक्याएवढा उघडत असेल तर ती सैल आहे.

फोटोवेडा

खिडकीसमोर फोटो काढू नका, बाळाचा चेहरा काळा येतो. सकाळी ८ च्या सुमारास बाजूने उजेड येतो तेव्हा छान येतात, फ्लॅश मात्र बंद ठेवा.

साडेनऊमहिने

@फोटोवेडा दादा, बाळ फोटोत नाहीये 😄 खोलीचा फोटो आहे. पण उजेडाचं कामी येईल, माझ्या फोटोत साखळी उजेडात विरघळून गेली होती, पाळणाघरवाली ताईंनी म्हटल्यावर झूम करून शोधली तेव्हा दिसली.

दोनपोरांचीआई

कोपऱ्याच्या गार्डबद्दल लिहितेच. आमच्याकडे लावले, तिसऱ्या दिवशी धाकटीच्या तोंडात फोमचा तुकडा!! दात येत असतात, मऊ काही दिसलं की कुरतडायचंच. मोठ्याच्या वेळी गार्ड काचेवर टिकलाच नव्हता कारण काच तेलकट होती. नंतर कळलं की काच आधी साबणाने पुसून पूर्ण कोरडी करायची, गार्ड चिकटवून दिवसभर हात लावायचा नाही, मग नखाने कड उचलून बघायची, उचलली गेली तर मूलही उचलणार. तरी मी शेवटी टीपॉयच बेडरूममध्ये नेला. फोटोत गार्ड लावलेला कोपरा एकदम सुरक्षित दिसतो, तो सुटत आलाय हे फोटोत कळत नाही.

निळीबाटली

आमचा किस्सा फोटोत न दिसणाऱ्यांतला आहे.

हॉलचा फोटो काढला होता, आम्ही दोघांनी बघितला, सगळं ठीक. फोटोत टीव्हीजवळ पाण्याची बाटली होती, अर्धी भरलेली. आम्हा दोघांनाही ती पाण्याचीच वाटली. त्यात फरशी पुसायचं लिक्विड होतं, मोठ्या कॅनमधून थोडं काढून ठेवलेलं, मीच ठेवलेलं. मुलगी तेव्हा १९ महिन्यांची, झाकण नीट लागलेलं नव्हतं, एक घोट घेतला आणि जोरात रडायला लागली. घरात आरडाओरडा, कोणीतरी म्हणालं मिठाचं पाणी पाजून उलटी करवा, बायकोने ग्लास भरलाही होता. मी आधी दवाखान्यात फोन केला, तिथून एकच वाक्य आलं, उलटी करवू नका, तोंड पुसा आणि मूळ कॅन घेऊन या. सुदैवाने लिक्विड सौम्य होतं, काही तास तिथे लक्ष ठेवून घरी सोडलं.

आता घरात एकच नियम, क्लीनर त्याच्या मूळ डब्याशिवाय कशात राहणार नाही.

बिनधास्तबाबा

पण मीठपाणी तर पूर्वीपासून देतात की, पोटातलं बाहेर आलेलं बरं नाही का?

रात्रपाळी

नाही हो. मी इमर्जन्सीत नर्स आहे. संडास साफ करायचं किंवा पाइप मोकळा करायचं लिक्विड असेल तर ते जाताना घसा भाजतं आणि उलटीत परत येताना पुन्हा भाजतं, शिवाय श्वासनलिकेत जायची भीती. आणि लहान मुलाला एवढं मीठ देणं हेच धोक्याचं आहे. लेबल असलेला डबा सोबत आणलात की आमचा अर्धा वेळ वाचतो.

एक वायरी-कोपऱ्यांच्या गडबडीत सुटणारं सांगते. फोटोत रिमोट शोधा, सोफ्याच्या फटीतला सुद्धा. छोट्या रिमोटमध्ये चपटा बटण सेल असतो, त्याचं झाकण नुसतं सरकवायचं असेल तर मूल उघडतं. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर २ तासांतही भाजायला सुरुवात होऊ शकते, आणि सुरुवातीला मूल खेळतंही नेहमीसारखं. त्यामुळे नुसता संशय असला तरी वाट बघायची नाही, लगेच निघायचं.

सुमनआजी

आम्ही चार मुलं वाढवली, घरात लोखंडी पेट्या होत्या धारदार कडांच्या. "हात लावायचा नाही" म्हटलं की मुलं ऐकायची. आता सगळं गुंडाळून ठेवलं तर मुलाला कळणार कधी की लागतं म्हणून?

पाळणाघरवाली

आजी, टेंगळाच्या बाबतीत तुमचं पटतं मला, खरंच. माझ्याकडेही एक लाकडी बाक तसाच उघडा ठेवलाय. पण गळ्यातली दोरी आणि अंगावर पडणारा टीव्ही यातून शिकायला दुसरी संधी मिळत नाही.

सुमनआजी

ते आहे. पण दोन-अडीच वर्षांचं झालं की सांगून कळतं, एवढंच माझं म्हणणं.

साडेनऊमहिने

काल संध्याकाळी परत फोटो काढले, जमिनीवर पालथी पडून, भिंतीला टेप लावून. आवरलं नाही, जे होतं ते.

स्प्रे उचलून आतल्या कपाटात कुलपात गेला. नवीन निघालं ते असं : जेवणाच्या खुर्चीला माझी पर्स, पट्टा जमिनीपर्यंत लोंबतोय आणि आत डोकेदुखीच्या गोळ्या. सोफ्याखाली रिमोट, झाकण ढिलं (रात्रपाळी, तुमच्यामुळे बघितला). टीपॉयच्या खालच्या बाजूला एका स्क्रूचं टोक बाहेर आलेलं, उभ्याने हे जन्मात दिसलं नसतं. आणि नवऱ्याच्या टीव्हीची जोडी सापडली : टीव्हीच्या पुढ्यात, युनिटच्या कडेवर बाळाचा आवडता ससा. मीच तिथे ठेवत होते, हाताला लागू नये म्हणून! तो घ्यायला उघड्या कप्प्यात पाय देऊन चढणार आणि टीव्हीला धरणार, सरळ आहे.

ससा खाली आला. सोफा समोरच्या भिंतीला गेला, साखळीची क्लिप स्क्रूने बसली, ओढून बघितली, बोटभरच सुटते. टीव्हीला मागून पट्टा लावून भिंतीत बसवायचाय, पण ती भिंत पोकळ पार्टिशनची आहे, साधा स्क्रू धरत नाही. पोकळ भिंतीत कोणी पट्टा बसवलाय का, की टीव्ही युनिटलाच बांधून युनिट दुसऱ्या भिंतीला न्यावं?

टीपॉयवरून घरात अजून दोन पक्ष आहेत. मी म्हणते हलवा, नवरा म्हणतो गार्ड लावू आणि कप कुठे ठेवायचे मग.

दोनपोरांचीआई

गरम कप तर टीपॉयवर मुळीच नको गं, तो त्याच्या तोंडाच्या उंचीवर येतो. आमच्याकडे वर्षभर कप हातातच.

बिनधास्तबाबा

वरची फळी आज मोजली, ४ फूट. खाली खुर्ची आहे. फिनाईल हलवतोय.