समूह, प्रवर्तक आणि प्रवर्तक गट : कोणती कंपनी कोणाची?

अनघा : एका अर्थविषयक लेखाचे संपादन करत असताना बजाज कन्झ्युमर केअर या केशतेल बनवणाऱ्या कंपनीचा उल्लेख ‘पुण्याच्या बजाज समूहातील कंपनी’ असा केलेला आढळला. सहकाऱ्याच्या मते तो उल्लेख चुकीचा आहे, कारण नाव सारखे असले तरी कंपनी वेगळ्या शाखेची आहे. उलट महाराष्ट्र स्कूटर्स या कंपनीच्या नावात बजाज कुठेच नसताना तिला त्याच समूहात धरले होते. ‘समूह’ हा शब्द नेमका कशाच्या आधारावर वापरावा? आणि ‘प्रवर्तक’ व ‘प्रवर्तक गट’ हे एकच समजायचे का?

नितीन : संचालक मंडळ पाहावे, एवढे पुरेसे आहे. प्रत्येक संचालकाला सरकारकडून एक ओळख क्रमांक मिळतो. तोच क्रमांक दोन कंपन्यांच्या मंडळांवर दिसला की त्या कंपन्या एका समूहाच्या. नोंदणीकृत पत्ता सारखा असेल तर शंकाच उरत नाही.

वसंतराव : नितीन, आपण सांगितलेल्या दोन्ही खुणा शोधाची सुरुवात करायला उपयोगी आहेत, परंतु त्यांवर निष्कर्ष काढता येत नाही. स्वतंत्र संचालक एकाच वेळी परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या अनेक कंपन्यांच्या मंडळांवर असतात, आणि एकाच इमारतीत असंख्य कंपन्यांचे नोंदणीकृत पत्ते असतात. मी अनेक वर्षे कंपनी सचिव म्हणून काम केले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

‘समूह’ नावाची कोणतीही संस्था कंपन्यांच्या नोंदवहीत नसते. तिथे फक्त एकेक कंपनी असते आणि समूह हा त्या कंपन्यांमधील मालकीच्या धाग्यांवरून आपण काढलेला अर्थ असतो. शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला तिमाही संपल्यापासून 21 दिवसांच्या आत भागधारणेचा तक्ता जाहीर करावा लागतो आणि त्यात ‘प्रवर्तक आणि प्रवर्तक गट’ असा वेगळा भाग असतो. अनघाताईंनी तिथूनच सुरुवात करावी. प्रवर्तक म्हणजे ज्याच्या हाती प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष नियंत्रण आहे तो, किंवा ज्याच्या सांगण्यानुसार संचालक मंडळ वागत आले आहे तो. प्रवर्तक गट याहून विस्तृत आहे. त्यात प्रवर्तकाचे जोडीदार, आईवडील, भावंडे, मुले आणि जोडीदाराचेही तसेच नातलग येतात, शिवाय प्रवर्तकाचा किमान 20 टक्के वाटा असलेल्या कंपन्याही येतात. तेव्हा हे दोन शब्द एकमेकांऐवजी वापरू नयेत.

आता बजाज ऑटोचा तक्ता घ्या. प्रवर्तकांच्या भागात सर्वांत मोठा वाटा, सुमारे 34 टक्के, बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट या कंपनीचा आहे, आणि तिच्यासोबत कुटुंबातील व्यक्ती, जमनालाल सन्ससारख्या खाजगी कंपन्या आणि महाराष्ट्र स्कूटर्स दिसतात. बजाज फिनसर्व्हच्या तक्त्यातही बजाज होल्डिंग्जचाच वाटा सर्वांत मोठा, सुमारे 39 टक्के आहे. दोन तक्त्यांत जी नावे समान येतात, तीच समूहाची खरी ओळख. कन्झ्युमर केअरच्या तक्त्यात प्रवर्तक म्हणून शिशिर बजाज यांच्या शाखेची मंडळी येतात. ती शाखा कौटुंबिक वाटणीत वेगळी झाली आणि हिंदुस्थान शुगरही तिच्याकडेच आहे. सहकाऱ्याचे म्हणणे बरोबर आहे.

सुधाकर : विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमच्या छोट्या कारखान्याने एका कंपनीला सुटे भाग पुरवले. तिच्या पत्रव्यवहारावर ‘अमुक समूहाची कंपनी’ असे ठळक छापलेले असे. ती बुडीत निघाली आणि आमचे पैसे अडकले. समूहातील दुसरी कंपनी उत्तम चालली आहे. प्रवर्तक एकच असतील तर तिच्याकडून वसुली करता येते ना?

वसंतराव : सुधाकरराव, मूळ प्रश्न शब्दाचा होता, तरी आपल्या अडचणीचे उत्तरही त्या शब्दातच दडलेले आहे. प्रत्येक कंपनी कायद्याने स्वतंत्र व्यक्ती असते. आपला करार ज्या कंपनीशी होता तिच्याकडेच मागणी करता येते, आणि प्रवर्तक समान असणे एवढ्यावरून दुसरी कंपनी बांधली जात नाही. तिने लेखी हमी दिली असेल, किंवा फसवणुकीसाठी पैसा तिच्याकडे वळवल्याचे सिद्ध झाले, तर गोष्ट वेगळी. पुढील वेळी खरेदीच्या आदेशावर कोणत्या कंपनीचे पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक आहे, ते आधी पाहावे. समूहाचे चिन्ह कितीही मोठे असले तरी ते करारातील पक्ष नसते.

अनघा : महाराष्ट्र स्कूटर्सचा उलगडा अजून झाला नाही.

वसंतराव : ती कंपनी 1975 मध्ये बजाज ऑटो आणि राज्य सरकारचे पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून काढली. साताऱ्याच्या कारखान्यात प्रिया स्कूटर तयार होत असे. महामंडळाकडे 27 टक्के आणि बजाजकडे 24 टक्के वाटा होता, म्हणजे त्या काळात तिला ‘संयुक्त उपक्रम’ म्हणणेच योग्य होते. महामंडळाचा वाटा बजाजला कोणत्या किमतीला द्यायचा, यावर प्रदीर्घ वाद चालला. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर 2019 मध्ये तो वाटा बजाज होल्डिंग्जकडे आला, एकूण धारणा 51 टक्के झाली आणि कंपनी तिची उपकंपनी बनली. शिवाय महाराष्ट्र स्कूटर्सकडे स्वतःकडे बजाज ऑटो, फिनसर्व्ह आणि फायनान्सचे समभाग आहेत, म्हणून ती त्यांच्या प्रवर्तक गटात दिसते. म्हणजे जी कंपनी एका ठिकाणी उपकंपनी आहे, तीच दुसऱ्या ठिकाणी प्रवर्तकांच्या बाजूला आहे. जुना लेख उद्धृत करताना वर्ष पाहूनच शब्द निवडावा.

रेवती : मी बँकेत मोठ्या कर्जांच्या छाननीचे काम करते, म्हणून एक भर घालते. सप्टेंबर 2024 मध्ये बाजारात नोंदलेल्या बजाज हाउसिंग फायनान्सचा तक्ता उघडला, तर प्रवर्तक म्हणून व्यक्ती नव्हे, बजाज फायनान्स आणि बजाज फिनसर्व्ह या कंपन्या दिसतात. नोंदणीवेळी बजाज फायनान्सकडे सुमारे 89 टक्के होते, बजाज फायनान्सचे निम्म्याहून थोडे अधिक समभाग फिनसर्व्हकडे आहेत, आणि फिनसर्व्हचे सुमारे 39 टक्के होल्डिंग्जकडे. तिन्ही आकडे गुणले तर या साखळीतून होल्डिंग्जचा आर्थिक हिस्सा सुमारे 18 टक्केच येतो. तरीही खालच्या दोन पायऱ्यांवर मताधिकार निम्म्याहून अधिक असल्याने नियंत्रण वरून खाली पोहोचते. गुणाकाराचे उत्तर पाहून ‘नाममात्र संबंध’ असे लिहिणे ही मला वारंवार दिसणारी चूक आहे. याउलट रिझर्व्ह बँकेच्या नियमांत संबंधित ऋणकोंचा समूह ठरवताना मालकीबरोबरच आर्थिक अवलंबित्वही पाहतात, कारण अशा समूहाला दिलेले एकूण कर्ज बँकेच्या प्रथम श्रेणी भांडवलाच्या 25 टक्क्यांपर्यंतच ठेवता येते. एकाच प्रवर्तकाशी संबंध नसलेल्या दोन कंपन्या त्या नियमाने एकत्र धरल्या जाऊ शकतात.

अनघा : मग बजाज इलेक्ट्रिकल्स? तिची सूत्रे शेखर बजाज यांच्याकडे आहेत आणि चुलत भावंडांची नावे अनेक तक्त्यांत एकमेकांच्या कंपन्यांत येतात. तिला समूहात धरायचे की नाही?

वसंतराव : प्रवर्तक गटाच्या यादीप्रमाणे तिला एकत्र धरता येते, म्हणून मी ‘बजाज कुटुंबाच्या प्रवर्तक गटातील कंपनी’ असे लिहीन.

रेवती : मी तसे लिहिणार नाही. यादीत नाव असणे नात्यामुळेही घडते, आणि ज्या कंपनीचा कारभार स्वतंत्रपणे चालतो तिला वाचक बजाज ऑटोची भगिनी कंपनी समजेल. माझ्या मते तिथे प्रमुख प्रवर्तकाचे नाव देऊन थांबावे.