मदत हवी आहे: टिपणे नाहीत, रेकॉर्डिंग नाही, हजेरीही नाही, इतिवृत्त कसे लिहू?

कोरापान
मंगळवारी आमच्या विभागाची ऑनलाइन बैठक झाली. मी तिला नव्हतो. आज साहेबांनी सांगितले, "संध्याकाळपर्यंत इतिवृत्त पाठव." माझ्याकडे फक्त कॅलेंडरमधले निमंत्रण आहे. त्यात तारीख, वेळ, ११ जणांचे पत्ते आणि चार विषय आहेत. रेकॉर्डिंग केलेले नाही, कुणी टिपणे काढलेली दिसत नाहीत आणि नेमके कोण हजर होते तेही माहीत नाही. चार विषयांवर प्रत्येकी दोन-दोन ओळी "चर्चा झाली" अशा लिहून द्याव्यात का?

घाईत_आहे
हो, देऊन टाका. निमंत्रणात ज्यांनी होकार दिलाय ती हजेरी, आणि विषयपत्रिका म्हणजेच मुद्दे. अर्ध्या तासाचे काम आहे. कोण वाचतंय?

टाचणी
विषयपत्रिकेचा सांगाडा वापरायला हरकत नाही, पण होकार म्हणजे हजेरी नव्हे. होकार देऊन न येणारे असतात, उत्तर न देता येणारे असतात, आणि कुणीतरी निमंत्रण पुढे पाठवलेले असते तो माणूस तर यादीतच नसतो. शिवाय विषयपत्रिका फक्त काय बोलायचे होते ते सांगते. तिसरा विषय वेळेअभावी राहून गेला असेल आणि तुम्ही "चर्चा झाली" लिहिले, तर न झालेली गोष्ट कागदावर आली. आणि कोण वाचतंय म्हणाल, तर ज्याच्या नावावर काम टाकले जाते तो नक्की वाचतो.

आधी हजेरी शोधा. टीम्सवर बैठक झाली असेल तर आयोजकाला बैठकीच्या पानावर Attendance मध्ये अहवाल दिसतो: कोण कधी आले, कधी गेले, किती वेळ होते. तो फाइल म्हणून उतरवता येतो. ही सोय तुमच्या कार्यालयात बंद केलेली असू शकते, म्हणून आयोजकाला लगेच विचारा. दुसऱ्या प्रणालीवर असेल तरी असा काही अहवाल निघतो का ते त्यालाच विचारायचे. अहवाल मिळाला तरी दोन गोष्टी तपासा. एकाच खोलीत तिघे एका लॅपटॉपसमोर बसले असतील तर नाव एकच दिसते. आणि जोडणी तुटून परत आलेला माणूस दोनदा दिसू शकतो.

रोजनिशी
म्हणूनच मी नेहमी सांगते, बैठक सुरू होतानाच एकाला टिपणे काढायला बसवा आणि रेकॉर्डिंग चालू करा. दोन रकाने आखले की पुरतात, निर्णय आणि जबाबदारी.

कोरापान
ताई, ते पुढच्या वेळी नक्की. आत्ता मंगळवार होऊन गेलाय.

टाचणी
मग आता बैठकीच्या खुणा गोळा करा. त्या दिवशीचे चॅट, बैठकीनंतर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गेलेले मेल, पडद्यावर दाखवलेली फाइल आणि तिच्या बदलांचा इतिहास. चर्चेचा पत्ता यातून लागत नाही, पण निर्णयांचा लागतो, कारण निर्णय झाला की कुणीतरी काहीतरी पाठवतेच.

त्यानंतर हजर असलेल्यांपैकी तिघांना विचारा, पण वेगवेगळे. गटात विचारले की पहिल्याचे उत्तर बाकीचे "बरोबर" म्हणून मोकळे होतात. "काय झाले बैठकीत?" असे मोघम विचारू नका, प्रत्येक विषयाला तीनच प्रश्न ठेवा: काय ठरले? कुणी काय करायचे, कधीपर्यंत? काय पुढे ढकलले? आणि "आठवत नाही" हे उत्तरही चालेल असे आधीच सांगा, नाहीतर लोक अंदाज बांधून देतात.

कोरापान
आयोजकाने अहवाल दिला. नऊ जण, पैकी एक ११ मिनिटांतच गेलेला. तिघांना विचारले. दुसऱ्या विषयावर (छपाई यंत्राचे दर मागवणे) अडकलोय. एक म्हणतो २० तारीख ठरली, दुसरा म्हणतो २५. तिसऱ्याला आठवत नाही.

घाईत_आहे
२५ लिहा, सगळ्यांना वेळ मिळेल.

टाचणी
नका लिहू. खरेदी पाहणाऱ्यांनी पुरवठादारांना मेल पाठवला असेल, तो बघा.

कोरापान
सापडला. मंगळवारी दुपारीच गेलाय, तीन पुरवठादारांना, "दर २० तारखेपर्यंत पाठवावेत." २५ चा उल्लेख नाही. पण २५ म्हणणाऱ्याला पुन्हा विचारले तेव्हा तो म्हणाला, तुलनातक्ता २५ पर्यंत मांडायचा होता. म्हणजे दोघांचेही बरोबर?

टाचणी
तसे दिसते, पण दोन्ही तारखांचा आधार सारखा नाही. २० ला कागद आहे, २५ ला एका माणसाची आठवण. मसुद्यात तो फरक दिसू द्या. असे लिहा:

"विषय २: छपाई यंत्राचे दर. तीन पुरवठादारांकडून दर मागवण्याचे ठरले. मुदत २० तारीख (खरेदी विभागाचा मेल). तुलनातक्ता २५ तारखेपर्यंत सादर करायचा आहे, असे एका सदस्याने सांगितले, पुष्टी बाकी. तक्ता कोणी करायचा हे स्पष्ट नाही."

शेवटचे वाक्य गाळू नका. साहेबांना नेमके तेच भरून हवे असेल. कोण काय म्हणाले ते मात्र लिहूच नका. आठवणीतून कुणाच्या तोंडी वाक्य घातले की वाद तिथेच सुरू होतो. "सर्वानुमते" हा शब्दही नको. ११ मिनिटांत गेलेल्यापुढे "काही काळ उपस्थित" लिहा.

वर ठळक अक्षरांत "मसुदा", त्याखाली "उपलब्ध मेल, हजेरी अहवाल व तीन उपस्थितांच्या माहितीवरून बैठकीनंतर तयार केलेला", आणि तयार केल्याची आजची तारीख. बैठकीची तारीख वेगळ्या ओळीत.

जुनेदप्तर
विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीचे मागचे इतिवृत्त वहीत लिहायचेच राहिले, पान कोरे आहे. हजेरीवहीत सह्या आहेत. मागची तारीख घालून लिहून काढले तर?

टाचणी
तारीख बैठकीचीच येणार, पण लिहिल्याची म्हणून मागची तारीख घालू नका. आज लिहिताय तर आजची. सह्या आहेत म्हणजे गणपूर्ती तरी दाखवता येईल, ती अंदाजाने भरायची गोष्ट नव्हे. ठरावांचे शब्द आठवत नसतील तर पुढच्या बैठकीत ते पुन्हा मांडून मंजूर करून घेणे बरे. तुमच्या नियमावलीत काय आहे ते आधी पाहा, वेगळा धागा काढलात तर बरे होईल.

रोजनिशी
कोरापान, मसुदा सगळ्या नऊ जणांना पाठवा आणि "दोन कामाच्या दिवसांत दुरुस्ती न आल्यास मान्य समजू" अशी ओळ घाला. आमच्याकडे हेच चालते.

टाचणी
नेहमीच्या इतिवृत्ताला ती ओळ ठीक. आठवणीवरून केलेल्याला मला पटत नाही. मेल न उघडलेला माणूसही त्यात मान्यता देऊन बसतो. ज्यांच्या नावावर काम आहे त्यांच्याकडून तरी स्पष्ट "हो" घ्यावे.

रोजनिशी
उत्तर द्यायला लोकांना चार दिवस लागतात, तोवर २० तारीख येईल.

कोरापान
मसुदा साहेबांकडे गेला, नऊ जणांना प्रत टाकली. तुलनातक्त्याचे काम ज्यांच्याकडे असावे असे वाटते त्यांना वेगळा मेल केलाय. तिसऱ्या विषयावर कुणालाच काही आठवत नाही आणि मेलही नाही. तिथे "नोंद उपलब्ध नाही" लिहिले. साहेबांनी विचारलेय, "मग झाला होता की नाही तो विषय?"

टाचणी
पडद्यावर त्या विषयाची फाइल उघडली होती का, ते आयोजकाला विचारा. उघडली असेल तर निदान तो विषय निघाला होता एवढे लिहिता येईल. नसेल तर साहेबांना "नोंद उपलब्ध नाही" हेच कळवा आणि तो विषय पुढच्या विषयपत्रिकेत पहिला ठेवा.