खोटी अ‍ॅप, बनावट अपडेट: शंका नेमकी कशावरून आली?

वाहनाच्या दंडाची पावती किंवा वीजबिलाची थकबाकी म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी फाइल आता गोव्यात वाड्यावाड्यांवर पोहोचली आहे. सावधगिरीचे संदेश पुष्कळ फिरतात, म्हणून येथे फक्त एवढेच लिहावे ही विनंती: आपल्याला शंका कशावरून आली, आणि आली नसल्यास नंतर फोनमध्ये काय सापडले?

म्हापसा, मोबाइल दुरुस्तीचे दुकान
थिवीचे एक टॅक्सीचालक फोन घेऊन आले. बँकेचे संदेश येणे बंद झाले, एवढीच त्यांची तक्रार होती. आदल्या दिवशी त्यांना RTO Challan.apk नावाची फाइल आली होती, आणि ती ओळखीच्याच चालकाच्या क्रमांकावरून आल्यामुळे त्यांनी निःशंकपणे उघडली. त्या मित्राच्या फोनमध्ये शिरलेले अ‍ॅपच ती फाइल पुढे पाठवत होते, हे त्या मित्रालाही ठाऊक नव्हते.

फाइल उघडताच फोनने व्हॉट्सअ‍ॅपला Install unknown apps ही परवानगी द्यायची का, असे विचारले, यांनी दिली. त्यानंतर प्ले स्टोअरसारखाच दिसणारा पडदा आला आणि त्यावर Update असे बटण होते. खरा घात तेथे झाला, कारण त्या बटणाने दुसरेच अ‍ॅप आत घेतले. प्ले स्टोअरमधले खरे अपडेट घेताना अनोळखी अ‍ॅपसाठीची ही परवानगी कधीच द्यावी लागत नाही, त्यामुळे तो प्रश्न आला की तेथेच थांबावे. पुढे त्या अ‍ॅपने एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली. पावती दाखवणाऱ्या अ‍ॅपला आपले एसएमएस कशाला हवेत? ओटीपी परस्पर पाठवण्यासाठी आणि बँकेचे संदेश आपल्यापासून लपवण्यासाठी.

अ‍ॅपचे चिन्ह पडद्यावरून नाहीसे झाले होते. मी प्रथम सिम काढले, वायफाय बंद केले, आणि त्यांना माझ्या फोनवरून बँकेला व सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या 1930 या क्रमांकावर बोलायला लावले. मग सेटिंग्जमधील सर्व अ‍ॅपची यादी पाहिली. खऱ्या अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर ते प्ले स्टोअरमधून आल्याची नोंद असते, तशी येथे नव्हती. Uninstall चे बटण फिके होते, कारण त्याला Device admin चा अधिकार दिला गेला होता. तो काढल्यावरच अ‍ॅप निघाले.

फोंडा, निवृत्त लिपिक
मी प्ले स्टोअरबाहेरचे काहीच घेत नाही, आणि तेथेही चार ताऱ्यांच्या वरचेच घेतो. एवढे केले की धोका उरत नाही, असे माझे मत आहे.

साखळी, संगणकाची विद्यार्थिनी
काका, पहिला भाग अगदी योग्य आहे, पण ताऱ्यांवर माझा विश्वास नाही. माझ्या मावसभावाने कर्जाचे एक अ‍ॅप निवडले होते, त्याला चारांहून अधिक तारे होते. अभिप्राय नव्यापासून जुन्याकडे लावून पाहिले, तेव्हा ‘छान’, ‘उत्तम’ अशा एकेका शब्दाच्या पंचतारांकित ओळींमध्ये धमक्यांच्या लांबलचक तक्रारी दडलेल्या दिसल्या. प्रकाशकाचे नाव एखाद्या वित्तसंस्थेसारखे होते, परंतु संपर्काचा पत्ता फुकटचा जीमेल होता आणि संकेतस्थळ कोरे. शिवाय परवानग्यांच्या यादीत संपर्कांची यादी होती. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्जाच्या अ‍ॅपने संपर्कांची यादी, कॉलची नोंद किंवा फोनमधील फाइल्स घ्यायच्याच नसतात, त्यामुळे माझ्या मते ही एक परवानगी नकारासाठी पुरेशी होती. मात्र आज निर्दोष असलेले अ‍ॅप पुढच्या एखाद्या अपडेटनंतर बदलू शकते, आणि त्यावर माझ्याकडे खात्रीचा उपाय नाही.

पेडणे, गृहिणी
म्हणजे फोन रोज रात्री ‘नवी आवृत्ती उपलब्ध’ म्हणतो, तेही खोटेच ना? मी कित्येक महिने ते नाकारत आले आहे.

म्हापसा, मोबाइल दुरुस्तीचे दुकान
वहिनी, ते बहुधा खरे असावे, आणि नाकारल्याने सुरक्षेच्या दुरुस्त्या अडकून राहतात. त्या सूचनेवर बोट ठेवूच नका. स्वतः सेटिंग्जमध्ये जाऊन सॉफ्टवेअर अपडेट उघडा. तेथेही तीच आवृत्ती दिसली तर घ्यावी. ब्राउझरमधील एखादे पान ‘फोन जुना झाला’ असे ओरडत असेल तर ते पान बंद करावे, कारण संकेतस्थळाला आपल्या फोनचे अपडेट देता येत नाही.

काणकोण, दूध उत्पादक
आमच्या संस्थेने दूधनोंदीचे अ‍ॅप गटावर फाइल म्हणूनच पाठवले आहे. प्ले स्टोअरवर ते नाही, म्हणजे प्रकाशक पाहण्याची सोयच नाही. ते घ्यावे की नाही?

साखळी, संगणकाची विद्यार्थिनी
संस्थेत प्रत्यक्ष जाऊन सचिवांच्या फोनमधून फाइल घ्यावी, आणि ते एसएमएसची किंवा पडदा वाचू व चालवू देणारी Accessibility ही परवानगी मागते का, ते पाहावे. मागितले नाही तरी ते सुरक्षित आहे असे मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

फोंडा, निवृत्त लिपिक
मी तर दुधाची नोंद वहीतच ठेवली असती.